रक्षाच्या कपाळावरच्या तीन रेषा

रक्षाच्या कपाळावर तीन आडव्या रेषा आहेत. मधली ठळक, वरची थोडी तुटक, खालची डाव्या भुवईपाशी संपणारी. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ती सातवीत होती. आंजीच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे, आणि एखादी गोष्ट पटली नाही की ही मुलगी हात वर न करता नुसत्या भुवया वर करायची. त्या वयात रेषा उमटायच्या आणि भुवया खाली आल्या की पाण्यावरच्या तरंगासारख्या विरून जायच्या. आता ती बेचाळीस वर्षांची आहे. भुवया खाली येतात, रेषा तिथेच राहतात.

लग्नानंतर ती आर्वीला आली. नवरा योगेंद्र एसटीत ड्रायव्हर. डेपोच्या रस्त्यावर तिने एका खोलीत ब्युटी पार्लर काढलं, त्याला सोळा वर्षं झाली. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, पूर्वेला एक खिडकी. निवृत्तीनंतर मीही आर्वीलाच स्थायिक झाले आणि महिन्यातून एकदा केस रंगवायला आणि एरवी गप्पांना तिच्याकडे जाऊ लागले. आजूबाजूच्या बायका तिला ताई म्हणतात. ती मला अजून बाई म्हणते.

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत वजनदार म्हणजे यशोदाबाई. मेन रोडवर त्यांचं कापडाचं दुकान, घरात माणसांची ये-जा, शब्दाला मान. यशोदाबाई जिथे जातील तिथे त्यांच्या भिशीतल्या बायका जातात आणि त्या बायकांच्या घरच्या लग्नाच्या मुलीही. रक्षाचा लग्नसराईचा सगळा धंदा एका अर्थी या एका बाईवर उभा होता.

गेल्या हिवाळ्यात यशोदाबाई खुर्चीत बसल्या आणि आरशाकडे बोट करून म्हणाल्या, "हे काढून दे मले."

त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या खाचा होत्या.

"माह्या पोराचं, धीरजचं लग्न माघात हाय. साखरपुड्यात ते काजल, होणारी सून, तिच्या मावशीले इचारत होती म्हणे, सासूबाई कायले रागावल्या? आता सांग, मी रागावली होती काय? मी तं पेढे मोजून राह्यली होती!"

मी हसले. रक्षा हसली नाही. यशोदाबाईंचा आवाज शेवटी जरा हलला होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. घरात येणारी मुलगी आपल्याला पाहून घाबरते, हे त्या बाईला लागलं होतं.

"काकू, हे माह्यानं नाई जमत," रक्षा म्हणाली.

"समोरच्या नव्या पार्लरात जमते म्हणतात. पंधरा दिवसांत."

त्याच आठवड्यात अश्विन आला. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीचा विक्रेता, पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात अर्धी हिंदी. सोन्याच्या रंगाच्या झाकणाची बाटली, एक हिरव्या दगडाचा रोलर, कपाळावर चिकटवायच्या पट्ट्या आणि पाण्यात घालून प्यायची पावडर, असा सगळा संच त्याने टेबलावर मांडला. मग फोटोंचा अल्बम. आधी आणि नंतर. आधीच्या फोटोत कपाळ नांगरल्यासारखं, नंतरच्यात गुळगुळीत.

रक्षाने भुवया वर केल्या.

अश्विनने संधी साधली. "ताई, बुरा मत मानना. पण तुमच्याच कपाळावर तीन लाइनी आहेत. कस्टमर भरोसा कसा करणार?"

हे तिला झोंबलं. सोळा वर्षं दुसऱ्यांचे चेहरे नीट करणाऱ्या बाईला आपलाच चेहरा धंद्याच्या आड येतोय असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. तो गेल्यावर ती बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"बाई, शाळेत तुम्ही दोन कुंड्या ठेवल्या होत्या. एकीले खत, एकीले नुसतं पाणी. आठवते?"

मला आठवत होतं. तिला काय सुचलंय तेही कळलं, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला.

प्रयोग असा ठरला. चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर, कपाळ ते गाल, अश्विनने नमुना म्हणून ठेवलेली सोनेरी झाकणाची बाटली. उजव्या अर्ध्यावर मेडिकलच्या दुकानातलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. दोन्ही रोज रात्री, मोजून तितकंच. सहा आठवडे. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी मी फोटो काढायचे. सकाळी दहा वाजता, खिडकीकडे तोंड करून, चेहरा स्वस्थ ठेवून. डावी बाजू आणि उजवी बाजू यांची तुलना करायची, असं मी तिला बजावलं. विज्ञानाची बाई होते ना.

सहा आठवड्यांनी आम्ही दोघी शेवटच्या फोटोवर वाकून बसलो. कपाळावरच्या तीन आडव्या रेषा दोन्हीकडे सारख्याच ठळक होत्या. पण उजव्या भुवईच्या वर, कानशिलाकडे, एक तिरकी रेष होती, आणि उजव्या गालावर तशीच एक. डावीकडे तसं काही नव्हतं. डावी बाजू नितळ दिसत होती.

"बाई," रक्षा हळूच म्हणाली, "बाटलीत काहीतरी हाय."

मीही मान डोलावली. ती चूक माझी. पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

रक्षाने त्याच दिवशी यशोदाबाईंना फोन करून बोलावलं. यशोदाबाईंनी तिचा चेहरा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, टाळी वाजवली आणि संध्याकाळपर्यंत भिशीतल्या नऊ बायकांना सांगून मोकळ्या झाल्या. नवरीच्या मेकअपचं काम रक्षाकडेच, हेही जाहीर झालं. अश्विनला निरोप गेला. तो म्हणाला, सोमवारी मालाची पेटी घेऊन येतो, सगळ्या मॅडमना एकत्र बोलवा.

रविवारी मी रक्षाकडे जेवायला होते. योगेंद्र सुट्टीवर होता. मोठा शांत माणूस, पण बोलला की नेमकं बोलतो. रक्षा भाकरी थापता थापता त्याला प्रयोगाचं कौतुक सांगत होती. डावीकडे बाटली, डावी बाजू तरुण.

योगेंद्र ताटावरून म्हणाला, "मंग मी कोणती बाटली लावली?"

"म्हणजे?"

"माह्या तोंडाकडं पाह्य ना."

आम्ही पाहिलं. मी त्याला पंधरा वर्षं ओळखते, पण तसं कधी पाहिलं नव्हतं. त्याचा उजवा गाल काळवंडलेला, डोळ्याच्या उजव्या कडेला जाळ्यासारख्या सुरकुत्या. डावी बाजू दहा वर्षांनी लहान वाटावी अशी. एकवीस वर्षं तो बसच्या उजव्या खिडकीशी बसतोय. ऊन रोज त्याच बाजूने येतं.

"माह्या डाव्या बाजूले कंपनीची बाटली लागली नाई," तो म्हणाला. "ऊन नाई लागलं, बस."

रक्षाची तव्यावरची भाकरी तशीच राहिली आणि करपली.

"पण मी तं खिडकीत बसत नाई," ती म्हणाली. मग थांबली. "बाई, मी उजव्या कुशीवर झोपते. हे पहाटेच्या गाडीले जाताना लाइट लावतात, म्हणून मी भिंतीकडं तोंड करते. भिंत उजवीकडं हाय. सतरा वर्षं झाली."

मी पर्समधून फोन काढला. पहिल्या दिवसाचा फोटो. तो आम्ही काढला होता आणि नंतर पुन्हा उघडलाच नव्हता. डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी ताडली, पण आजची बाजू सहा आठवड्यांपूर्वीच्या त्याच बाजूशी ताडायची, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. पहिल्या फोटोत उजव्या भुवईवरची तिरकी रेष होती. तश्शीच. गालावरचीही. डावी बाजू तेव्हाही नितळ. बाटलीने काहीच केलं नव्हतं. आम्ही उशीचं काम बाटलीच्या नावावर लिहिलं होतं.

"अश्विनले फोन कर, येऊ नको म्हणावं," योगेंद्र म्हणाला.

"नाई," रक्षा म्हणाली. "येऊ दे. आपल्या तोंडानं सांगितलं ते आपल्या तोंडानंच वापस घ्या लागते."

"काकू तुले सोडून जाईन."

"गेल्या तं गेल्या."

मी म्हटलं, "रक्षा, आधी नीट विचारून घेऊ. एकदा चुकलो आहोत." तिने बायकांना आणि अश्विनला कळवलं की सोमवारऐवजी बुधवार, आणि सोमवारी आम्ही पहिल्या गाडीने वर्ध्याला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आमचे फोटो पाहिले आणि मनापासून हसल्या, पण आमची टर उडवली नाही.

त्या म्हणाल्या, भुवया वर केल्या की कपाळाचा स्नायू कातडी ओढतो, म्हणून आडव्या रेषा. आठ्या घातल्या की भुवयांमधल्या उभ्या. लहानपणी कातडी परत ताणून बसते. वय आणि ऊन तिचा ताण कमी करतात, मग घडी कायमची होते. झोपेच्या रेषा निराळ्या. त्या स्नायूच्या नाहीत, गाल उशीवर दाबला जातो त्याच्या असतात, म्हणून तिरक्या, आणि ज्या कुशीवर माणूस जास्त झोपतो त्या बाजूला जास्त.

"मग खरं चालतं काय?" रक्षाने विचारलं.

"उन्हापासून जपणं, रोज. सनस्क्रीन, छत्री, पदर. विडी-सिगारेट नको. रात्री लावायचं अ जीवनसत्त्वाचं मलम आहे, ते डॉक्टरला विचारून, गरोदर बाईने अजिबात नाही. सहा महिने लावलं तर बारीक रेषा थोड्या फिकट होतात. पुसत नाहीत. मॉइश्चरायझरने कातडी ओलसर राहते, म्हणून दिवसभर बरं दिसतं, इतकंच. आठ्यांवर इंजेक्शन आहे, ते स्नायू सैल करतं, तीन-चार महिने टिकतं. ते खरं आहे, पण ते डॉक्टरचं काम. पार्लरमध्ये कुणी देत असेल तर पळून या. आणि झोपेच्या रेषेवर ते चालणार नाही, कारण तिथे सैल करायला स्नायूच नाही. तिथे पाठीवर झोपायचं. जमलं तर."

"आणि रोलर? पट्ट्या? पावडर?"

"रोलर गार लागतो. पट्टी काढली की तासाभरात रेष परत. पावडरीबद्दल कंपन्या जेवढं बोलतात तेवढं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही."

येताना बसमध्ये रक्षा खिडकीपाशी बसली होती. पुलगाव रस्त्याला ऊन तिच्या बाजूला आलं तशी तिने ओढणी चेहऱ्यावर घेतली आणि ओढणीतूनच म्हणाली, "बाई, सोळा वर्षं मी फेशियल करून देते आणि म्हणते, ताई, तरुण दिसून राह्यल्या. मी पण अश्विनच हाय थोडी."

"थोडी," मी म्हटलं. तिला खोटा धीर देणं बरं नव्हतं.

बुधवारी पार्लर भरलं. यशोदाबाई खुर्चीत, भिशीतल्या पाच-सहा जणी फेशियलच्या पलंगावर आणि स्टुलांवर, अश्विन दाराशी पेटी घेऊन. रक्षाने आधी कुणाला काही सांगितलं नाही. तिने आपली खुर्ची खिडकीशी आडवी लावली, उजेड एका बाजूने येईल अशी, भुवया वर केल्या आणि मला म्हणाली, "काढा." मी फोटो काढला. मग खुर्ची खिडकीकडे तोंड करून, थोडं मॉइश्चरायझर, चेहरा सैल. "काढा." दोन्ही फोटो तिने मोबाइलवर शेजारी शेजारी लावले आणि फोन बायकांच्या हातात दिला.

"माय वो!" एक जण ओरडली. "कित्ती फरक! कोणती क्रीम?"

"कोणतीच नाई. पाच मिनिटं झाली. एकात खिडकी बाजूले हाय आन् भुवया वर हायेत. यानं जो अल्बम आणला ना, त्यातल्या आधीच्या फोटोत कानाजवळची सावली पाहा, नंतरच्यात ते नाई."

अल्बम फिरू लागला. अश्विन म्हणाला, "मॅडम, हे स्टुडिओचं लायटिंग असतं. सब कंपनी करती है."

"तेच तं म्हणून राह्यली." मग रक्षाने सहा आठवड्यांच्या प्रयोगाचे फोटो दाखवले. पहिला दिवस, शेवटचा दिवस. उजवी कूस, भिंत, पहाटेचा लाइट, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी काकूले सांगितलं होतं का बाटलीनं फरक पडला. ते खोटं निघालं. मुद्दाम नाई, पण खोटंच. चूक माही."

"माझीही," मी म्हटलं. पण कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळ्या यशोदाबाईंकडे पाहत होत्या.

यशोदाबाईंचा चेहरा लाल झाला. "मी नऊ घरी सांगितलं! मले तोंडावर पाडलं तू. आता सांगतेस? लग्न पंधरा दिवसांवर!"

"हो काकू. आज सांगितलं नसतं तं लग्नात कळलं असतं."

"मग त्या पोरीनं मले असंच पाहावं काय? रागीट?"

"काकू, पंधरा दिवसांत हे कुणी काढून देऊ शकत नाई. जो म्हणते काढतो, तो खोटं बोलते. मी नाई बोलणार. आता तं बिलकुल नाई."

"समोरची तं काढतो म्हणून राह्यली!" यशोदाबाई उठल्या. "काजलचा मेकअप तिकडंच. कोणी तुह्याकडं येणार नाई."

आणि त्या गेल्या. त्यांच्यामागे एकेक करत बाकीच्याही. शेवटची दारात थांबली, परत आली आणि मोबाइलमधला तो पाच मिनिटांचा फोटो तिने आपल्याला पाठवायला सांगितला. मग तीही गेली. अश्विनने पेटी उचलली. रक्षाने त्याला पाणी दिलं. तो ते पिऊन म्हणाला, "ताई, धंदा कळत नाही तुम्हाला."

"कळते," रक्षा म्हणाली. "म्हणून तं."

त्या संध्याकाळी तिने एका पांढऱ्या कागदावर शाईने लिहिलं आणि आरशाच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवलं. तिचं अक्षर शाळेपासून टपोरं आहे. कागदावर असं होतं:

"कपाळाच्या, आठ्यांच्या आणि झोपेच्या रेषा या पार्लरमध्ये जात नाहीत. कोणत्याही पार्लरमध्ये जात नाहीत. ऊन टाळलं, विडी सोडली, पाठीवर झोपलं तर हळू वाढतात. मलम आणि इंजेक्शन डॉक्टरला विचारा. फेशियलने बरं वाटतं, ते मी करते."

चार दिवस पार्लर जवळजवळ रिकामं होतं. दोन कॉलेजच्या मुली आयब्रोला आल्या, कागद वाचून हसल्या, फोटो काढून घेऊन गेल्या. समोरच्या पार्लरने बोर्डावर नवा दिवा लावला. योगेंद्र डेपोतून येताना दोन कप चहा आणायचा आणि बायकोसमोर बसून मुद्दाम भुवया वर करायचा. ती म्हणायची, "तुमच्या डाव्या बाजूले पाह्यते, उजवी नको."

पाचव्या दिवशी यशोदाबाई आल्या. बसल्या नाहीत. कुणीतरी त्यांना कागदाचा फोटो दाखवला होता.

"काय लिहिलं माह्या नावानं?"

"तुमच्या नावानं काईच नाई. वाचा ना."

यशोदाबाई आरशाजवळ गेल्या. कागद लांब धरल्यासारखी मान मागे घेतली, डोळे बारीक केले, आणि भुवया जवळ आल्या. त्या दोन उभ्या खाचा अशा खोल गेल्या की मला शेजारच्या खुर्चीतून दिसल्या. रक्षा कागदाकडे नाही, त्यांच्या कपाळाकडे पाहत होती.

"काकू, चष्मा कुठं हाय?"

"हाय दुकानात."

"लावता?"

"नाई लावत. म्हातारी दिसतो मी त्यात. आन् नंबरही जुना झाला. काऊन?"

"दिवसभर दुकानात साडीचे धागे पाहता, मोबाइल पाहता, लोकाईले पाहता, आन् दर वेळी हे असं." तिने आपल्या भुवया आवळून दाखवल्या. "तुम्ही रागावत नाई काकू. तुम्हाले दिसत नाई."

यशोदाबाई काहीतरी तिखट बोलायला गेल्या आणि पुन्हा आरशाकडे वळल्या. साखरपुड्यातले पेढे मोजताना त्या कशा दिसल्या असतील, ते बहुधा त्यांना आता दिसलं.

"मग चष्म्यानं जाईन हे?"

मला वाटलं, आता तरी ही हो म्हणेल. सगळं परत मिळवायला एक हो पुरेसा होता.

"नाई," रक्षा म्हणाली. "झालेलं जात नाई. वाढणं हळू होईन. आन् पोरीकडं पाहाल तवा आठ्या पडणार नाई, इतकं मातर होईन."

यशोदाबाई निघून गेल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्या परत आल्या. नव्या काळ्या फ्रेमचा चष्मा, नाकावर अजून सरकणारा. काजलचा मेकअप समोरच्याच पार्लरकडे होता, तो बदलला नव्हता. एकदा फिरवलेला शब्द पुन्हा फिरवणाऱ्यांतल्या त्या नाहीत, आणि रक्षाने विचारलंही नाही. "आज हळद हाय, माहा अंबाडा तू घाल," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

रक्षा केस विंचरत असताना अश्विन दारात आला. समोरच्या पार्लरला माल देऊन निघाला होता.

"ताई, एक रिक्वेस्ट आहे. तो कागद काढा ना. पोरी फोटो फिरवून राह्यल्या, समोरच्या मॅडम माल वापस करतो म्हणतात."

रक्षाने पिन तोंडात धरली होती. ती काही बोलायच्या आत यशोदाबाई आरशाकडे पाहत कागद मोठ्याने वाचू लागल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न अडखळता. भुवया जागेवर होत्या. मधल्या दोन रेषा होत्याच, पण त्या आता रेषांसारख्या दिसत होत्या, रागासारख्या नाही.

"यातलं खोटं काय हाय ते दाखव," त्या अश्विनला म्हणाल्या. "दाखव, मी सोता फाडतो."

अश्विनने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग रक्षाकडे पाहिलं.

रक्षाने तोंडातली पिन काढून अंबाड्यात खोचली आणि भुवया वर केल्या. तिन्ही रेषा एकदम उमटल्या, सातवीत उमटायच्या तशा. तिने त्या खाली आणायची घाई केली नाही.